विसरले, की ऐकूच आले नाही?

गेल्या श्रावणात नांदेडच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आपल्या वडिलांना घेऊन आले. वडिलांचे वय ७२. मूळचे लातूरचे, तिथल्या एका डाळमिलमध्ये चौतीस वर्षे काम करून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर दोन वर्षांपूर्वी नांदेडला मुलाकडे राहायला आले होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

मुलाने खुर्चीत बसता बसताच सांगितले, "डॉक्टरसाहेब, अण्णा आता सगळं विसरायलेत. सकाळी सांगितलेलं दुपारी ध्यानात राहत नाही. विचारावं एक, सांगतात भलतंच. स्मरणशक्तीची एखादी चांगली गोळी लिहून द्या." अण्णा शेजारच्या खुर्चीत शांत बसले होते. बोलणे त्यांच्याविषयीच चालले होते, पण ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होते.

अशा वेळी आम्ही डॉक्टर तीस गुणांची एक छोटी स्मृतिचाचणी घेतो. आज वार कोणता, महिना कोणता, असे प्रश्न विचारतो. तीन शब्द सांगतो, ते लगेच म्हणून दाखवायला लावतो आणि काही मिनिटांनी पुन्हा विचारतो. मी अण्णांना "फूल, पैसा, खुर्ची" असे तीन शब्द सांगितले. ते म्हणाले, "धूळ... सुरी." मधला शब्द त्यांनी सोडूनच दिला. चाचणीत त्यांना तीसपैकी १८ गुण मिळाले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे, हे जमेस धरूनही तो आकडा कमी होता. मी कागदावर "स्मृतिभ्रंश" असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले आणि गोळ्यांविषयी बोलू लागलो.

तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, "साहेब, एक सांगू का? मामांच्या समोर उभं राहून बोललं की त्यांना बरोबर कळतंय. पाठमोरं बोललं, नाहीतर मिक्सर चालू असला, की कळना."

मी लिहिणे थांबवले. चाचणी घेताना डोक्यावर पंखा फिरत होता, बाहेरच्या खोलीत रुग्णांचा गलका होता, दार उघडे होते आणि माझी मान कागदात होती. मी अण्णांच्या स्मृतीची परीक्षा घेत आहे असे समजत होतो. प्रत्यक्षात मी त्यांच्या कानांची परीक्षा घेतली होती, आणि त्यात ते नापास झाले म्हणून त्यांच्या बुद्धीला कमी गुण दिले होते. तीस वर्षांच्या व्यवसायानंतर माझ्या हातून झालेली ही चूक आपल्या घरातही रोज होत असेल, म्हणून हा लेख.

आवाज येतो, शब्द कळत नाही

वयोमानाने येणारा बहिरेपणा म्हणजे सगळेच आवाज सारख्या प्रमाणात लहान होणे नव्हे. तसे असते तर तो घरच्यांच्या लगेच लक्षात आला असता. आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव आहे. त्याच्या आत अतिसूक्ष्म केसपेशींच्या रांगा असतात. आवाजाच्या लहरींचे मज्जातंतूंना कळणाऱ्या संदेशात रूपांतर करणे हे त्यांचे काम. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी प्रथम झिजतात, आणि त्याच पेशी उंच पट्टीचे, बारीक आवाज टिपत असतात.

आता आपली भाषा पाहा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि ठसठशीत असतात. स, श, च, त, ट, फ ही व्यंजने मात्र उंच पट्टीतली आणि हलकी. स्वर ऐकू येतात आणि व्यंजने गळतात, म्हणून वृद्ध माणसाला कोणीतरी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे ते उमगत नाही. "तूप वाढू का?" असे विचारले की कानावर "सूप" पडते आणि आजी धान्य पाखडायचे सूप शोधू लागतात. घरचे हसतात, आणि कोणीतरी म्हणते, "आजीचं डोकं चालत नाही आता." अण्णांनी मला हेच त्यांच्या शब्दांत सांगितले होते: "आवाज येतोय हो, पण काय बोलायलेत तेच कळना."

याच बहिरेपणाचे आणखी एक लक्षण घरात भांडणाचे कारण होते. आजोबा दोनदा "काय?" म्हणतात, तिसऱ्यांदा आपण आवाज चढवतो, आणि ते चिडून म्हणतात, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?" हे नाटक नसते. केसपेशी झिजलेल्या कानाला हलका आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र निरोगी कानाइतकाच, कधी त्याहूनही जास्त बोचतो. ऐकू येणे आणि असह्य होणे यांच्यामधली जागाच अरुंद झालेली असते. म्हणून ओरडण्याचा उपयोग होत नाही. शब्द सावकाश आणि स्पष्ट उच्चारण्याचा होतो.

अण्णांच्या बाबतीत वयाच्या जोडीला डाळमिल होती. लातूरच्या डाळमिलांत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना तूर भरडणाऱ्या यंत्रांचा आणि चाळण्यांचा अखंड खडखडाट ठाऊक आहे. दोन हात अंतरावरच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येत नसेल, तर तिथला आवाज सुमारे ८५ डेसिबलच्या पुढे गेला आहे असे समजावे. अशा आवाजात दिवसाला आठ तास, वर्षानुवर्षे काम केले की कान पन्नाशीतच साठीपलीकडचे होतात. आपल्या घरातील वडीलधारे मिलमध्ये, पिठाच्या गिरणीत, जिनिंगमध्ये, ट्रकवर किंवा बँडपथकात काम केलेले असतील, तर त्यांचे कान वेळेआधीच तपासून घ्यावेत.

कानाची वाट मेंदूपर्यंत कशी जाते

बहिरेपणा आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आहे, ही शंका वैद्यकशास्त्रात जुनी आहे. तिला वजन आले ते २०११ साली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ६३९ व्यक्तींची श्रवणशक्ती मोजून त्यांच्यावर सुमारे बारा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांना सौम्य बहिरेपणा होता त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम असलेल्यांत तिप्पट आणि तीव्र असलेल्यांत जवळजवळ पाचपट आढळला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ सालच्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली आहेत. त्यांत मध्यमवयातील बहिरेपणा वरच्या स्थानावर आहे. जगात कोणालाच बहिरेपणा नसता, तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ७ टक्के रुग्ण कमी झाले असते, असा त्या आयोगाचा अंदाज आहे.

हे कसे घडत असावे? पहिले कारण श्रमाचे. अर्धवट ऐकू आलेल्या वाक्यातील गाळलेल्या जागा मेंदूला भराव्या लागतात. सूप की तूप, सात की आठ, हे ताडण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडते, आणि ऐकलेले साठवून ठेवायला फारशी उरत नाही. म्हणून असा माणूस संध्याकाळपर्यंत थकून जातो आणि पाहुणे आले की आत जाऊन पडतो.

दुसरे कारण उपासमारीचे. मेंदूच्या ज्या भागाला आवाजाचे खाद्य मिळत नाही, तो भाग इतरांपेक्षा लवकर आक्रसतो, असे मेंदूच्या छायाचित्रांवरून दिसून आले आहे. हा भाग स्मृतीशी निगडित भागांचा शेजारी आहे.

तिसरे कारण एकटेपणाचे, आणि आपल्या घरांत मला ते सर्वांत जास्त दिसते. अण्णा लातूरला असताना रोज संध्याकाळी मंदिरात हरिपाठाला जात. टाळकरी पुढच्या चरणावर गेलेले असत आणि हे मागच्याच चरणावर राहत. दोन-चारदा लोक वळून पाहू लागले, तेव्हा त्यांनी जाणे सोडले. नांदेडला आल्यावर मुलगी लातूरहून फोन करी. फोनवर चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत. "बरं आहे, बरं आहे" एवढे बोलून ते फोन सुनेच्या हातात देत. मुलीला वाटले, अण्णांना आता आपल्याशी बोलावेसे वाटत नाही. माणूस बोलणी चुकवू लागतो, लोक त्याला चुकवू लागतात, आणि ज्या मेंदूला रोज दहा माणसांशी बोलण्याचा व्यायाम होता त्याला एकाशीही बोलावे लागत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. मधुमेह आणि रक्तदाब कानाच्या व मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या एकाच वेळी बिघडवू शकतात. म्हणून पुढचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो: श्रवणयंत्र लावले तर बुद्धीची घसरण थांबते का?

यंत्र लावल्याने बुद्धी वाचते का?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारी मोठी चाचणी अमेरिकेत चार ठिकाणी झाली आणि २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. ७० ते ८४ वयाचे, बहिरेपणावर काहीही उपचार न घेतलेले ९७७ लोक तीत होते. निम्म्यांना श्रवणयंत्रे आणि ती वापरण्याचे नीट मार्गदर्शन दिले. उरलेल्यांना आरोग्यविषयक सर्वसाधारण सल्ला दिला. तीन वर्षांनी सर्वांची बुद्धी तपासली.

सगळ्यांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. कोणी आपल्याला "मशीन लावा, स्मृतिभ्रंश होणारच नाही" असे सांगत असेल, तर त्याने ही ओळ वाचलेली नाही असे समजावे.

पण त्या चाचणीत दोन प्रकारची माणसे होती. सुमारे तीन चतुर्थांश लोक आपणहून पुढे आलेले, सुशिक्षित आणि प्रकृतीने चांगले होते. त्यांची बुद्धी तीन वर्षांत फारशी घसरलीच नाही. जे घसरत नाही ते यंत्राने वाचवणार काय? उरलेले सुमारे एक चतुर्थांश लोक हृदयरोगाच्या एका जुन्या पाहणीतून आलेले होते. त्यांचे वय थोडे जास्त, शिक्षण कमी, मधुमेह व रक्तदाबाचे प्रमाण अधिक. या गटात श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाली. याच चाचणीतील लोकांच्या गोतावळ्याची पाहणीही झाली. तीन वर्षांनंतर यंत्र वापरणाऱ्यांच्या नेहमीच्या संबंधातील माणसांत, दुसऱ्या गटाच्या तुलनेने, सरासरी एक माणूस अधिक टिकून होते. एक हा आकडा लहान वाटेल. पण ज्याच्याकडे बोलायला दोनच माणसे उरली आहेत, त्याला तिसऱ्याची किंमत विचारून पाहा.

ही चाचणी आपल्याकडची नाही. तरीही माझ्या दवाखान्यात येणारे वृद्ध, म्हणजे चौथी-सातवी शिकलेले, दहा वर्षांपासून साखरेच्या गोळ्या घेणारे आणि जोडीदार गमावलेले, हे त्या दुसऱ्या गटाला अधिक जवळचे आहेत. म्हणून मी त्यांच्या कानांची तपासणी आता साखरेच्या तपासणीइतकीच नियमाने करतो.

अण्णांचे पुढे काय झाले

मी अण्णांच्या कानात प्रकाश टाकून पाहिले, तर उजवा कान मळाने गच्च भरलेला. पाच दिवस मळ मऊ करण्याचे थेंब घालायला सांगून तो काढला. वृद्धांच्या कानातला मळ कोरडा आणि घट्ट होत जातो, आणि केवळ तेवढ्यानेही ऐकणे बरेच कमी होते. तो घरी काडी, पिन किंवा कापसाच्या बोळ्याने काढू जाऊ नये. त्याने मळ आत ठासला जातो, कधी पडदाही फाटतो. ज्यांचा कान पूर्वी वाहिलेला आहे त्यांनी तर थेंब किंवा गरम तेलसुद्धा विचारल्याशिवाय घालू नये.

मळ निघाल्यावर थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. म्हणून त्यांना कान-नाक-घसातज्ज्ञांकडे आणि तिथून ऑडिओलॉजिस्टकडे पाठवले. बंद, शांत खोलीत कानाला हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवतात आणि प्रत्येक पट्टीचा किमान किती मोठा आवाज ऐकू येतो त्याचा आलेख काढतात. त्याला ऑडिओग्राम म्हणतात. अण्णांच्या आलेखात खालच्या पट्टीला ३० डेसिबल पुरत होते, सर्वांत उंच पट्टीला ७० लागत होते. दोन्ही कानांची सरासरी ५० च्या आसपास. समोरासमोरचे साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. म्हणजे समोर बसून बोललेले त्यांना जेमतेम ऐकू येणार, पलीकडच्या खोलीतून बोललेले जवळजवळ नाहीच. सूनबाईंनी सांगितले होते ते आलेखाने सिद्ध केले.

मग मी स्मृतिचाचणी पुन्हा घेतली. दार लावले, पंखा बंद केला, समोर बसलो, आणि आवाज वाढवणारे एक छोटे खिशातले यंत्र त्यांच्या कानाला लावले. या वेळी "फूल, पैसा, खुर्ची" त्यांनी तिन्ही शब्द बरोबर म्हटले आणि नंतर त्यांतले दोन आठवले. गुण २४. पंधरा दिवसांत त्यांची बुद्धी सुधारली नव्हती. आधीचे सहा गुण मीच चुकीने कापले होते.

तरीही २४ म्हणजे सर्व आलबेल असे नव्हे. तारीख त्यांना नीट सांगता आली नाही, वजाबाकीत ते अडखळले. म्हणून थायरॉइड, ब जीवनसत्त्व १२ आणि साखर यांच्या तपासण्या केल्या. पहिल्या दोन ठीक होत्या, साखर वाढलेली होती, औषध बदलले. मनाची विचारपूस करताना ते म्हणाले, "मी असलो काय, नसलो काय, घर चालतंयच की." हे वाक्य कोणाही वृद्धाच्या तोंडून आले तर ते सहज घेऊ नये. नैराश्यानेही स्मृती मंदावते, आणि ऐकू न येणारा माणूस नैराश्याकडे लवकर झुकतो.

यंत्र कपाटात का जाते

कार्तिकात अण्णांना दोन्ही कानांमागे लावायची डिजिटल यंत्रे मिळाली. चौथ्या दिवशी ती कपाटात गेली. घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना यंत्रांसह एका लग्नाला नेले होते. मंगल कार्यालयात बँड, ध्वनिवर्धक आणि हजार माणसे. "डोक्यात घण बसायलेत," असे म्हणून त्यांनी यंत्रे काढली, ती पुन्हा लावलीच नाहीत.

चष्मा लावला की त्याच क्षणी स्पष्ट दिसते. श्रवणयंत्राचे तसे नसते. वर्षानुवर्षे ज्या मेंदूने पंख्याची घरघर, पावलांचा आवाज, भांड्यांची खणखण ऐकलेलीच नाही, त्याला ती सगळी एकदम ऐकवली की तो बावचळतो. कोणता आवाज महत्त्वाचा आणि कोणता सोडून द्यायचा हे त्याला पुन्हा शिकावे लागते. त्याला साधारण दोन ते तीन महिने लागतात. अण्णांना ऑडिओलॉजिस्टकडे परत नेले. त्यांनी मोठ्या आवाजांची मर्यादा खाली आणली आणि कानातला साचा सैल होता तो नव्याने केला. मग पुढील क्रम ठरवला, तो कोणालाही उपयोगी पडेल.

पहिला आठवडा: दिवसातून एक-दोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना. दुसरा आठवडा: तीन-चार तास, त्यात टीव्हीवरच्या बातम्या, कारण बातमी देणारा स्पष्ट बोलतो आणि समोर दिसतो. तिसरा व चौथा आठवडा: घरातल्या सर्वांसोबत जेवताना. दुसऱ्या महिन्यापासून मंदिर, बाजार, फोन. लग्न आणि मिरवणूक सर्वांत शेवटी. दोन-तीन आठवड्यांनी यंत्र पुन्हा जुळवून घ्यायला जाणे हा उपचाराचाच भाग आहे. बहुतेक डिजिटल यंत्रांत रोज किती तास वापर झाला याची नोंद राहते. ती पाहायला सांगा, म्हणजे "लावतो की" या उत्तरावर विसंबावे लागत नाही.

यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुधा साचा सैल आहे, नीट बसवलेला नाही किंवा कानात मळ आहे. आवाज अचानक बंद झाला तर आधी बॅटरी आणि साच्याचे भोक पाहा. बटणासारख्या बॅटरीवरचा कागद सोलल्यावर मिनिटभर थांबून मग ती आत बसवावी. तिला हवा लागते. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या पुड्या असलेल्या बंद डबीत ठेवावे. स्नानापूर्वी काढावे. आणि ऑडिओग्रामशिवाय मिळणारी, केवळ आवाज वाढवणारी स्वस्त यंत्रे विकत घेऊ नयेत. ती मिक्सर आणि माणूस दोघांनाही सारखेच मोठे करतात.

यंत्राची मर्यादाही ठाऊक असावी. मेलेल्या केसपेशी ते परत आणत नाही. गर्दीत, घुमणाऱ्या सभागृहात, दूरच्या वक्त्याचे बोलणे त्याने पूर्ण स्पष्ट होत नाही. पूर्वीसारखे ऐकू येईल ही अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली. घरातल्या माणसांशी विनासायास बोलता यावे, एवढीच अपेक्षा ठेवावी.

खर्च आणि सोय

यंत्रांच्या किमती काही हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. महाग यंत्रच चांगले असे नाही. कानाच्या आलेखानुसार नीट जुळवलेले साधे यंत्रसुद्धा शांत घरातल्या माणसाचे काम भागवते. तपासणीसाठी नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील कान-नाक-घसा विभागात जाता येते. महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी एकदा ३००० रुपये बँक खात्यात मिळण्याची तरतूद आहे. त्या साधनांत श्रवणयंत्राचा समावेश आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना शिबिरांतून साधने दिली जातात. दोन्हींची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. शिबिरात मिळालेले यंत्रही ऑडिओलॉजिस्टकडून जुळवून घ्यावे, नाहीतर तेही कपाटात जाईल.

अपंगत्वाच्या दाखल्याविषयी अनेक जण विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांनी किमान ६० डेसिबलची हानी असल्यास ती व्यक्ती कर्णदोष असलेली मानली जाते. अण्णांसारख्या ५० डेसिबलच्या माणसाला तो दाखला मिळत नाही. पण दाखला मिळत नाही म्हणजे उपचाराची गरज नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

घरी करून पाहण्याची चाचणी

आपल्या घरातील ज्येष्ठांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर उभे राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. त्यांच्या एका कानापुढचा छोटा उंचवटा बोटाने दाबून हलकेच चोळत राहा, म्हणजे तो कान बंद राहील. श्वास पूर्ण सोडा आणि कुजबुजत्या आवाजात दोन अंक व मध्ये एक अक्षर म्हणा, जसे "सात, क, चार". त्यांना ते म्हणायला सांगा. चुकले तर दुसरे तीन घ्या, जसे "पाच, म, दोन". दोन्ही वेळचे मिळून सहापैकी तीनही बरोबर आले नाहीत, तर त्या कानाची तपासणी करून घ्यावी. मग दुसरा कान.

एकाच कानाने ऐकू येत नसेल, कान वाहत असेल, सोबत चक्कर येत असेल, तर कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे. एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी गाठावे. तिथे औषधाने ऐकणे परत येण्याची शक्यता असते आणि ती दिवसागणिक कमी होत जाते.

आणि एक गोष्ट फुकट आहे. आधी नावाने किंवा नात्याने हाक मारा, त्यांनी पाहिले की मग बोला. उजेड आपल्या चेहऱ्यावर असू द्या. टीव्ही आणि मिक्सर बंद करा. कळले नाही तर तेच वाक्य मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. "तूप हवं का?" कळले नाही, तर "भातावर साजूक तूप घालू का?" असे विचारा. आणि त्यांनी "काय म्हणालास?" असे विचारल्यावर "जाऊ द्या, काही नाही" हे उत्तर कधीही देऊ नका. आपल्या दृष्टीने ते बोलणे क्षुल्लक असते. त्यांच्या दृष्टीने त्या उत्तराचा अर्थ 'तुम्हाला सांगण्याची गरज नाही' असा होतो. माणूस अशी पाच-पन्नास उत्तरे ऐकतो, आणि मग विचारायचेच सोडतो.

या श्रावणात अण्णा पुन्हा आले. स्मृतिचाचणीत गुण २५. पूर्वीच्या २४ पेक्षा फार वेगळे नाहीत, आणि मला तेवढेच हवे होते. दर सहा महिन्यांनी ती चाचणी मी घेत राहणार आहे, कारण पुढे काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही. यंत्र रोज नऊ तास वापरले जाते, असे त्याची नोंद सांगते. कॉलनीतल्या मंदिरात ते संध्याकाळी हरिपाठाला जातात. निघताना मुलगा म्हणाला, "साहेब, आता एकच तक्रार आहे. लातूरच्या ताईचा फोन आला की अण्णा तो आम्हाला देतच नाहीत."